दूधखोलीच्या दारावरची सही

माझी सही मी दुरूनच ओळखली. शेवटच्या अक्षराची शेपटी मी जरा जास्तच लांब ओढतो. लहानपणी उस्ताद त्यावरून छडी मारायचे, पण खोड काही गेली नाही. ती शेपटी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, एका काचेच्या दारावर, चिकटपट्टीने डकवलेल्या कागदाच्या तळाशी होती. कागद पिवळा पडला होता, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला होता आणि पाकिटाचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत होता. धाकटीला बघायला निघालेला मी, हातात तिच्या आईने दिलेला थर्मास, तिथेच थबकलो. स्वतःचा फोटो अनोळखी माणसाच्या घरात भिंतीवर लावलेला दिसावा तसं काहीसं वाटलं. वर शिक्का होता, आमच्या फतवा मंडळाचा. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. विषय: दूधपेढीतील दूध अर्भकास पाजण्याबाबत. उत्तर: जायज नाही.

दाराच्या आत एक छोटी खोली होती. दोन शीतपेट्या, एक ओटा, ओट्यावर पाण्यात बुडवून दूध तापवायचं यंत्र, आणि पांढऱ्या टोपीतली एक सिस्टर लहानलहान बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली होती. तिने मान वर करून माझ्या दाढीकडे पाहिलं, मग दारावरच्या कागदाकडे, मग पुन्हा बाटल्यांकडे. माझ्यासारखी दाढीवाली माणसं त्या दारापुढे उभी राहून तो कागद वाचतात आणि निघून जातात, याची तिला सवय असावी. मीही निघून गेलो. पुढच्या वॉर्डात माझी मुलगी होती.

धाकटीचा मुलगा दोन दिवस जगला. दहा आठवडे आधी आला होता. जावई बोटीवर इंजिनात काम करतो. तो कुठल्या तरी समुद्राच्या मधोमध होता आणि त्याने आपलं मूल फोनच्या पडद्यावर एकदाच पाहिलं. दफन मी केलं. एवढ्याशा कबरीला दोन माणसं लागत नाहीत, एकानेच उतरायचं असतं, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो होतो. उतरल्यावर कळलं की खाली हात पोचतो, पण हात वर यायला तयार होत नाही. तिसऱ्या दिवशी धाकटीला ताप भरला आणि डॉक्टरीण म्हणाली, दूध उतरलंय. ज्याच्यासाठी उतरायचं तो नव्हता. शरीराला कोणी निरोपच दिला नव्हता.

त्या दिवशी, म्हणजे चौथ्या दिवशी, ती उशीला टेकून बसली होती. अंगावर शाल, चेहरा ओढलेला, आणि शालीच्या आत पंप लावल्याचा घर्रघर्र आवाज. मी थर्मास ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. "अब्बा, बसा," ती म्हणाली, "काही बिघडत नाही." मी बसलो. यंत्राचा आवाज थांबला तेव्हा तिने एक बाटली काढून टेबलावर ठेवली. पाऊण भरलेली. जाड पिवळसर दूध. "सिस्टर म्हणतात, लवकर बाळंत झालेल्या बाईचं दूध वेगळं असतं. लवकर आलेल्या बाळासाठीच असतं. त्यांना हवंय. आणि फेकायला माझा हात होत नाही." मी म्हणालो, "दे की." फार पटकन म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही दारावरचा कागद वाचला नाही का?" आणि मग, माझी मुलगी आहे म्हणून, तिने हसायचा प्रयत्न केला. "मुफ्तीची मुलगी दूध देते आणि मुफ्तीच्या फतव्याने ते कोणी पीत नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच."

पलीकडच्या कक्षात काचेच्या पेटीत एक मुलगी होती. नऊशे चाळीस ग्रॅम. तिची आई रक्तदाब वाढून दुसऱ्या इस्पितळात अतिदक्षता विभागात होती, औषधांवर, शुद्धीत येत-जात. बाप लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. पहिले चार दिवस मुलीला डब्याचं दूध नळीतून दिलं, पोट फुगलं. आता दोन दिवस पोट रिकामं ठेवलं होतं, शिरेतून पाणी चालू होतं. परवा पुन्हा दूध सुरू करायचं होतं. कशाने, हाच प्रश्न होता. पेढीत दूध होतं. बापाने दारावरचा कागद वाचला होता आणि नको म्हणाला होता. हे सगळं धाकटीने मला सांगितलं, सलग, न रडता, एखाद्या विद्यार्थिनीने मसला, म्हणजे धर्मकायद्यातला प्रश्न, मांडावा तसं. मीच शिकवलंय तिला. आधी वस्तुस्थिती, मग प्रश्न, मग आपलं मत. मत तिने सांगितलं नाही.

परत जाताना मी त्या काचेच्या दाराशी पुन्हा थांबलो आणि आपलाच कागद, आयुष्यात पहिल्यांदा, परक्याचा असल्यासारखा वाचला. भाषा चांगली होती. त्या काळी मला माझ्या भाषेचा अभिमान होता. शरियतचे हुकूम पाच गोष्टींच्या राखणीसाठी आहेत, दीन म्हणजे धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता. दूधपेढीत अनेक स्त्रियांचं दूध एकत्र होतं, कोणाचं कोणाला गेलं हे कळत नाही. दुधाने नातं जुळतं आणि दूधभावंडांत निकाह हराम. अशा रीतीने वंशाची राखण धोक्यात येते. सबब जायज नाही. आणि शेवटून दुसरी ओळ: 'शिवाय डब्याचे दूध सर्वत्र उपलब्ध असल्याने जिवाची निकड उद्भवत नाही.' मला ती दुपार आठवली. इस्पितळाकडून पत्र आलं होतं, जेवण झालं होतं, दीड तासात उत्तर लिहून झालं होतं. ही ओळ लिहिताना मी कोणाला विचारलं होतं? कोणालाच नाही. डब्याचं दूध आमच्या घरात सगळ्या मुलांना पाजलेलं होतं आणि सगळी धडधाकट होती. माझा पुरावा म्हणजे माझं घर.

मी दार ढकललं. सिस्टर उठून उभी राहिली. "चपला बाहेर," ती म्हणाली, आणि मी शाळकरी पोरासारखा बाहेर जाऊन चपला काढून आलो. "मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत," मी म्हणालो. "इतक्या लहान बाळाला डब्याचं दूध आणि बाईचं दूध, यात खरंच फरक पडतो का? की नुसतं चांगलं आणि जास्त चांगलं असं आहे?" तिने हातमोजे काढले. लोक असा प्रश्न विचारत नाहीत, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. लोक हो की नाही एवढंच सांगतात. "पूर्ण दिवसांच्या बाळाला विचारताय की या बाळांना? पूर्ण दिवसांचं मूल डब्यावर वाढतं, चांगलं वाढतं. पण किलोच्या आतलं बाळ... त्याचं आतडं कागदासारखं असतं. डब्याच्या दुधावर ते सुजायचं, सडायचं प्रमाण जास्त. सगळ्यांना होतं असं नाही. ज्याला होतं त्याचं पोट कापावं लागतं, काही मुलं त्यातून उठत नाहीत. बाईचं दूध दिलं की प्रमाण उतरतं. मी बावीस वर्षं बघतेय." "आणि दुसरं," मी म्हणालो, "एकाच बाईचं दूध, दुसऱ्या कोणाचं न मिसळता, एकाच बाळाला देता येईल का? नाव लिहून?" "मिसळतो ते आमच्या सोयीसाठी. न मिसळता ठेवायला वेगळा कप्पा लागेल आणि वेगळी वही. रक्ताच्या तपासण्या तशाच, अर्धा तास तापवणं तसंच. जमेल. कोणी सांगितलंच नाही कधी." मग तिने विचारलं, "तुम्ही त्या बाळाचे कोण?" "कोणी नाही," मी म्हणालो. तिने माझं नाव विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते चुकलंच.

घरी जाताना पायी गेलो. दोन बसथांबे गेले. मला माझीच भीती वाटत होती. चाळीस वर्षं शिकवतोय की मसलहत, म्हणजे लोकांचं हित, हे कल्पनेतलं चालत नाही, खरं असावं लागतं. एकाच्या मनातलं चालत नाही, सर्वांना लागू पडावं लागतं. आणि कुराण-हदीसच्या स्पष्ट हुकमाला छेद देणारं तर अजिबात नाही. आपल्या मनाला हवं ते शोधून त्याला मकासिदचं, म्हणजे शरियतच्या उद्देशाचं, नाव देणाऱ्याला मी वर्गात हसून म्हणतो, बाबा रे, हा तुझा मकासिद नाही, ही तुझी हौस आहे. आता माझ्या मुलीचं दूध एका बाटलीत होतं आणि मला ते कोणाच्या तरी ओठांत जायला हवं होतं. हौस की हित? रस्त्याच्या कडेला एक माणूस पंक्चर काढत होता. ट्यूब पाण्यात बुडवून तो बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. मी उगीच तिथे थांबलो. भोक कुठे आहे ते आधी नक्की करायचं, मग ठिगळ. माझ्या उत्तरात भोक कुठे होतं? नस्समध्ये, म्हणजे कुराण-हदीसच्या मूळ वचनात, नव्हतं. दुधाने नातं जुळतं हे कुराणात आहे, त्याला हात लावायचा नाही. पाच उद्देशांतही नव्हतं. भोक होतं त्या शेवटून दुसऱ्या ओळीत. हुकूम बरोबर होता, ज्यावर तो लावला ती वस्तुस्थिती चुकीची होती. मी जिवाच्या निकडीला सोयीच्या पायरीवर बसवलं होतं.

पायऱ्या तीन. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर शिकवतो. पहिली, ज्याच्याविना जीवन कोसळतं. दुसरी, ज्याच्याविना जगता येतं पण जाच होतो. तिसरी, ज्याने जगण्याला शोभा येते. नऊशे वर्षांपूर्वी एका इमामाने पाच उद्देश आणि या पायऱ्या नीट मांडल्या; पुढे तीनएक शतकांनी पश्चिमेकडच्या एका न्यायपंडिताने दाखवून दिलं की हे उद्देश कुठल्या एका वाक्यातून काढलेले नाहीत, शेकडो हुकूम तपासून त्यांच्यातून वर आलेले आहेत, म्हणून ते पक्के आहेत. आणि त्यानेच बजावलं, कृतीचा निकाल देण्याआधी ती कुठे जाऊन पोचते ते बघा. मुलं लिहून घेतात. परीक्षेत येतं. एखादा हुशार मुलगा विचारतो, मग जीव आणि वंश यांची टक्कर झाली तर जीव जिंकणार ना, क्रम तोच आहे ना? मी म्हणतो, यादीतल्या नंबरावर निकाल लावायला शर्यत आहे का? आधी बघ, टक्कर खरंच आहे का. एकाला वाचवताना दुसऱ्यालाही वाचवता येतं का. चाळीस वर्षं हे म्हणालो आणि अकरा वर्षांपूर्वी स्वतः पाहिलं नाही. वंशाला धोका कशाचा होता? दुधाचा? छे. पैगंबरांच्या काळात मुलं दुसऱ्यांच्या घरी दुधाला जायची, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, आणि कोण कोणाचं दूधभाऊ हे वस्तीतल्या शेळ्यांनाही माहीत असायचं. धोका होता न कळण्याचा. न कळणं काढून टाकता येतं. त्याला एक वही पुरते.

घरी हिला सांगितलं. ही पालक निवडत होती. म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षांत तुम्हाला एक वही सुचली नाही." मी टोपी खुंटीला लावली. "आणि तुम्ही एवढे मोठे मुफ्ती." मग देठं बाजूला करत, माझ्याकडे न बघता, "माझ्या आईने मावशीच्या मुलीला पाजलं होतं. म्हणून आम्ही सख्ख्या. ते कुठे लिहून ठेवलं होतं? पण सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या इस्पितळात कोणाला काय माहीत असतं? लिहायलाच पाहिजे." मला वाटलं, मंडळात हिलाच पाठवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ बसलं. मंडळ म्हणजे आम्ही तिघं: थोरले मौलाना, ब्याऐंशी वर्षांचे, ज्यांच्यापुढे मी अजूनही मांडी बदलत नाही, मी, आणि मुलींच्या मदरशात फिकह, म्हणजे धर्मकायदा, शिकवणारी विदुषी, आलिमा, जी आम्हा दोघांपेक्षा तीस-चाळीस वर्षांनी लहान आणि आम्हा दोघांपेक्षा जास्त वाचलेली. मी आधी तेच सांगितलं जे आधी सांगायला हवं होतं: दूध माझ्या मुलीचं आहे. थोरल्यांनी चष्मा काढला. "मग तू मांड आणि ऊठ. मत देऊ नकोस." "म्हणूनच सांगितलं," मी म्हणालो.

मी मांडलं. सिस्टरचं बोलणं तिच्याच शब्दांत सांगितलं, रात्री वॉर्डातल्या डॉक्टरिणीला फोन करून पडताळलेलं. ती जुनी ओळ वाचून दाखवली आणि ती मी कशी लिहिली होती तेही. थोरल्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "मला पोराच्या जिवाबद्दल शंका नाही. मला तुझ्या उद्देशांबद्दल आहे. आज दुधाला उद्देश लावला, उद्या कोणीतरी व्याजाला लावेल, परवा नमाजेला. म्हणेल, नमाजेचा उद्देश मनःशांती, ती मला बागेत फिरून मिळते. उद्देश मोकळे सोडले की ते कायद्यालाच खातात. मी आयुष्यात तीनदा पाहिलंय." आवाज चढलेला नव्हता. ते खरंच घाबरलेले होते, आणि ज्या गोष्टीला ते घाबरत होते तिला मीही घाबरतो. मी म्हणालो, "हजरत, मी एकही हुकूम सोडायला सांगत नाही. उलट. सोपी वाट आहे, ती मी घेत नाही. काही जुन्या फकीहांचं, कायदेपंडितांचं, म्हणणं होतं की छातीला लावून पाजलं तरच नातं. नळीने, वाटीने दिलं तर नाही. आजच्या काही परिषदांनी तेच धरून पेढ्या खुल्या केल्या. मग वहीही नको आणि नातंही नको. पण आपल्या मजहबात, आपल्या इमामांच्या कायदेपरंपरेत, तोंडातून, नाकातून, कसंही पोटात गेलं तरी दूध ते दूध. मी तेच धरतो. नातं जुळतं. पूर्ण जुळतं. म्हणूनच ते कोणाशी जुळलं ते कळलं पाहिजे."

आलिमा इतका वेळ कागदावर रेघा ओढत होती. ती म्हणाली, "वाट बंद करण्याचा नियम आपण नेहमी वापरतो. वाईटाकडे नेणारी वाट बंद करा. पण जे वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे त्याकडे नेणारी वाट उघडणंही त्याच नियमाची दुसरी बाजू. माझी हरकत वेगळी आहे. वही इस्पितळातच राहिली तर वीस वर्षांनी ती कुठे असेल? निकाहाच्या वेळी काझी विचारणार, तेव्हा मुलीच्या हातात कागद हवा. दोन्ही घरांत प्रत, काझीकडे प्रत. आणि दूध देणारीच्या नवऱ्यालाही विचारायला हवं, तो दूधबाप होतो. विचारलंय?" मी नाही म्हणालो. मला हे सुचलं नव्हतं. तिच्या नजरेत जे आलं ते मी वर्गात कच्च्या विद्यार्थ्यांकडे बघताना माझ्या नजरेत येत असणार.

मग मी उठलो आणि बाहेर गेलो. व्हरांड्यात बाक आहे. त्या बाकावर लोक बसतात, मी आत असतो. चाळीस वर्षांत मी त्या बाकावर बसलो नव्हतो. तो डगमगतो हे मला माहीत नव्हतं. पाय जमिनीवर घट्ट दाबून धरावे लागतात, नाहीतर प्रत्येक श्वासाला तो कुरकुरतो. इथे बायका बसल्या असतील, बेपत्ता नवऱ्यांच्या. तलाक झाला की नाही हे न कळलेल्या. मधुमेह असूनही रोजा सोडायला घाबरणारा तो म्हातारा शिंपी. सगळे पाय दाबून. आणि आतून माझा आवाज येत असेल, स्वच्छ, उदाहरणं देणारा. मी त्या बाकावरून जावयाला फोन लावला. समुद्रावर होता, आवाज तुटत होता. मी कायदा सांगितला: तुझ्या बायकोचं दूध एका मुलीला जाईल, ती तुमची दूधमुलगी होईल, पुढे तुम्हाला मुलं झाली तर ती तिची भावंडं, त्यांच्यात निकाह नाही. वारसा नाही, खर्चाची जबाबदारी नाही. तुला मान्य आहे का? तिकडून आवाजच आला नाही. फोन कटला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. "आहे मी," तो म्हणाला. "अब्बा, म्हणजे आम्हाला कोणीतरी असेल?" मी म्हणालो, "हो. कायद्याने." कायद्याने हा शब्द तोंडातून गेला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा तो ऊबदार वाटला.

आत बोलावलं तेव्हा दोघांच्या सह्या झालेल्या होत्या. थोरले म्हणाले, "दुसऱ्या खलिफांपुढे वारशाचं एक प्रकरण आलं, त्यांनी एक निकाल दिला. पुढे तसंच प्रकरण आलं, वेगळा दिला. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, तो त्या वेळच्या निर्णयावर, हा आजच्या. जुना त्यांनी लपवला नाही. तूही लपवू नकोस. नव्या कागदात जुन्याचा उल्लेख आहे आणि चूक कुठे होती तेही लिहिलंय." मी वाचलं. ओळखीची एकच दात्री, दूध न मिसळता, दोन्ही कुटुंबांच्या संमतीने, नातं मान्य करून, नोंद तीन ठिकाणी, बाळाला गरज असेपर्यंत: जायज. मिसळलेलं दूध, जीव धोक्यात असेल आणि ओळखीची दात्री नसेल तेव्हाच, निकडीपुरतं, त्या मिश्रणातल्या सर्व स्त्रियांची नावं नोंदवून. डॉक्टरांचं मत लेखी घ्यावं. खाली आलिमाच्या बारीक अक्षरात एक ओळ: 'ही नोंद कोणापासून लपवू नये, मुलीला कळत्या वयापासून सांगावे.' थोरल्यांनी कागद माझ्या हातात देताना धरून ठेवला. "त्या बापाला तू स्वतः सांग," ते म्हणाले. "टपालाने नको."

लिफ्टवाला इस्पितळाच्या जिन्यात बसला होता. तीस-बत्तीस वर्षांचा, अंगात कामाचा निळा सदरा, खिशाला टेस्टर. मी त्याच्या शेजारच्या पायरीवर बसलो आणि या वेळी आधी नाव सांगितलं. दारावरच्या कागदावरची सही माझी, हेही. मी नवा कागद पुढे केला. त्याने वाचला, दोनदा, ओठ हलवत. मग म्हणाला, "तुमच्या त्या कागदावर विश्वास ठेवून मी माझ्या पोरीला दूध दिलं नाही." "हो," मी म्हणालो. "तिचं पोट फुगलं तेव्हा मी नमाज पढत होतो. मला वाटलं मी बरोबर करतोय." "तुम्ही बरोबरच केलंत. चूक माझी. त्याचा जबाब मला द्यावा लागेल, तुम्हाला नाही." त्याने कागद गुडघ्यावर ठेवला. "मग आता या कागदावर का विश्वास ठेवू? अकरा वर्षांनी तिसरा निघेल."

मला राग आला नाही. हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. "नुसता ठेवू नका," मी म्हणालो. "विचारा. मी कारणं सांगतो, जिथे पटणार नाही तिथे अडवा." आणि मी त्या जिन्यात, जाणारे-येणारे आमच्या पायांवरून उड्या मारत असताना, सगळं सांगितलं. तो खरंच अडवत होता. "नातं लागणार म्हणता, मग उद्या ती बाई मुलगी मागेल?" "नाही. मूल तुमचं, नाव तुमचं, वारसा तुमचा. दुधाने फक्त निकाह बंद होतो आणि आपसात पडदा पाळावा लागत नाही. आणि माया, ती कायद्यात लिहिलेली नाही." "आणि बाई आपल्यातली नसती तर?" "तरी चाललं असतं. दुधाला नाव लागतं, धर्म विचारावा लागत नाही." तो विचारात पडला. खिशातला टेस्टर काढून बोटांत फिरवू लागला. "आमच्यात नियम आहे," तो म्हणाला, "दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडायचं नाही. माणूस खड्ड्यात पडतो म्हणून. पण आत कोणाचा जीव घुसमटायला लागला तर आम्ही वर जाऊन चाक हाताने फिरवतो, गाडी मजल्याला आणतो, मग उघडतो. दार मध्येच उघडत नाही. नियमही राहतो." मी त्याच्याकडे बघत राहिलो. "हे तुम्ही माझ्या वर्गात येऊन सांगाल का?" "मला बोलता येत नाही," तो म्हणाला, आणि उठला. "चला. कोणाचं दूध आहे?" मी म्हणालो, "माझ्या मुलीचं. तिचं बाळ गेलं." तो तसाच उभा राहिला, एक पाय वरच्या पायरीवर. मग त्याने माझा हात धरून मला उठवलं. माझे गुडघे त्या जिन्यावर आखडले होते.

पहिल्या वेळी एक मिलिलिटर. सिस्टरने सिरिंज नळीला लावून वर धरली आणि दूध आपल्याच वजनाने खाली उतरलं, इतकं हळू की उतरतंय की नाही कळेना. धाकटी चाकाच्या खुर्चीत, काचेला कपाळ टेकून. दर दोन तासांनी एक. मग दोन. पोट मऊ राहिलं. तिसऱ्या दिवशी सिस्टरने वजनाचा आकडा मोठ्याने वाचला, पंधरा ग्रॅम जास्त, आणि लिफ्टवाल्याने मला विचारलं, पंधरा ग्रॅम म्हणजे किती असतात हो? सिस्टर म्हणाली, तीन चमचे पाणी. तो तीन चमचे, तीन चमचे, असं म्हणत फोनवर बोलायला गेला. डॉक्टरीण म्हणाली, अजून लांबचा पल्ला आहे, आत्ताच उड्या मारू नका. कोणी मारल्या नाहीत. पण धाकटी त्या दिवशी पोटभर जेवली.

दहाव्या दिवशी मुलीच्या आईला आणलं. रुग्णवाहिकेतून, चाकाच्या खुर्चीवर, पायांवर सूज, आवाज पार बसलेला. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तेव्हा वाट अडली. लिफ्टवाला आणि मी, दोघेही मागे सरकलो आणि दोघेही एकाच खांबामागे उभे राहिलो. मला वाटलं होतं रडणं होईल. आईने आधी मुलीकडे पाहिलं, बराच वेळ. मग धाकटीकडे. "माझं कालपासून थोडं थोडं येतंय," ती म्हणाली. "चमचाभर." धाकटी म्हणाली, "येईल. घाई नको. तोवर मी आहे." मग आईने विचारलं, "किती वेळा पाजलंत हो तिला?"

हा प्रश्न माझा होता. नातं किती वेळा पाजल्याने जुळतं, यावर चार मजहबांत बाराशे वर्षं वाद चालू आहे. एक थेंब पुरतो की पाच वेळा पोटभर लागतं, सलग की तुटक, दोन्हीकडचे पुरावे मला तोंडपाठ आहेत, आणि माझं तोंड सवयीने उघडलंही. धाकटी हसली. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी बारीक आवाजात.

"मोजलं नाही," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं.